बाबा जाऊन सात आठवडे झाले, आईला डिप्रेशनची गोळी सुरू केली. दुःख हा आजार कधीपासून?

कावेरी
बाबा गेले त्याला परवा सात आठवडे झाले. बेचाळीस वर्षांचा संसार होता. आई कराडला भावाजवळ असते, मी ठाण्याला. आईला रात्र रात्र झोप नाही, जेवण दोन घास. संध्याकाळी सहाला बाबा फिरून यायचे, त्या वेळी ती दाराकडे तोंड करून बसते. बोलायला लागली की बाबांबद्दलच बोलते आणि रडते.

गेल्या आठवड्यात भावाने तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथे एका मुलीने मोबाईलवर बघून नऊ प्रश्न विचारले. आई गप्प बसली की भाऊच उत्तर द्यायचा. १५ गुण आले. डॉक्टर म्हणाले डिप्रेशन आहे, आणि एस्सिटालोप्राम १० व क्लोनाझेपाम अर्धा मिलिग्रॅम अशी दोन्ही औषधं एकत्र असलेली गोळी रोज रात्री घ्यायला लिहून दिली. सगळं मिळून पाच मिनिटं.

आज नऊ दिवस झाले. आई झोपते, पण सकाळी दहापर्यंत गुंगीत असते. काल फोनवर म्हणाली, "कावे, मला आता रडूही येईना गं. ते गेलेत हेच कुणीतरी लांबून सांगितल्यासारखं वाटतं." तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

माझा प्रश्न हा आहे: नवरा गेल्यावर सात आठवडे रडणारी बाई आजारी आहे का? आणि ती आजारी आहे हे ठरवायचा नियम कुणी केला, कशावरून केला?

तात्या_सांगलीकर
गोळ्या आजच्या आज केराच्या टोपलीत टाक. आमच्या आजीला अठ्ठाविसाव्या वर्षी वैधव्य आलं, चार पोरं पदरात. तिला कोण गोळ्या द्यायला आलं होतं? दुःख ज्याचं त्याने भोगायचं असतं, ते काळच कमी करतो.

मनवैद्य
कावेरीताई, आधी तुमच्या आईंबद्दल, मग नियमाबद्दल. मी मानसोपचारतज्ज्ञ आहे, सरकारी रुग्णालयात काम करतो.

तात्या, तुमचा राग समजतो, पण गोळी केराच्या टोपलीत टाकायला सांगू नका. क्लोनाझेपाम रोज घेत राहिलं तर काही आठवड्यांत शरीराला त्याची सवय लागते. मग ते एकदम तोडलं तर झोप पार उडते, हातपाय थरथरतात, क्वचित झटकेही येतात. नऊ दिवस फार नाहीत, तरी बंद करायचं ते डॉक्टरांशी बोलून.

ताई, मला तीन गोष्टी सांगा. आईंचं वय काय? रक्तदाबाची गोळी चालू आहे का, आणि तिच्या पाकिटावर काय लिहिलंय? आणि त्या नऊ प्रश्नांना किती किती गुण दिले, ते आठवतं का? गुंगीकडे लक्ष ठेवा. या वयात क्लोनाझेपामने रात्री उठताना तोल जातो, आणि खुब्याचं हाड मोडलं तर सगळंच बदलतं.

कावेरी
वय ६६. रक्तदाबाच्या पाकिटावर टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन असं लिहिलंय. भावाने फॉर्मचा फोटो काढून ठेवला होता: कशात रस नाही २, उदास ३, झोप ३, थकवा २, भूक २, स्वतःबद्दल वाईट वाटणं ०, लक्ष न लागणं २, हालचाल मंदावणं ०, मरण बरं असं वाटणं १.

सुमनताई
झोपेसाठी गोळीपेक्षा जायफळ उत्तम. कोमट दुधात चिमूटभर उगाळून घालायचं, तळपायाला तेल चोळायचं. माझ्या सासूबाईंना फार फरक पडला. जायफळ जास्त घालू नये मात्र.

कावेरी
सुमनताई, पायाला तेल तर मी ठाण्याहून जाऊन चोळेन. पण झोपेचा उपाय मी विचारत नाहीये हो. तिच्या रडण्याला आजार म्हणायचं का, एवढंच मला कळत नाहीये.

मनवैद्य
या फॉर्मला पीएचक्यू-९ म्हणतात. रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या शेवटी तयार केला, आणि त्याला फायझर या औषध कंपनीचं अनुदान होतं. टीकाकार हा मुद्दा नेहमी काढतात, आणि काढायलाच हवा. तरी फॉर्म वाईट नाही. गर्दीच्या ओपीडीत कुणाशी जास्त बोलायला हवं हे पटकन कळावं म्हणून तो केला होता. त्यावरून थेट औषध लिहावं हा त्याचा उद्देश नव्हता.

आता आईंचे गुण बघा. फॉर्म फक्त गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारतो. दहा किंवा जास्त गुण झाले की डिप्रेशनची शक्यता धरायची, पंधरापासून वरची पायरी. झोप ३, उदास ३, भूक २, थकवा २, रस नाही २, लक्ष २. हे झाले १४. सात आठवड्यांपूर्वी जोडीदार गेलेल्या जवळजवळ कुठल्याही माणसाचे इतके गुण होतील. हे का होतंय, असा प्रश्न त्या नऊ प्रश्नांत कुठेच नाही.

मला यात दोन आकडे महत्त्वाचे वाटतात. 'स्वतःबद्दल वाईट वाटणं' शून्य आहे. शोकातला माणूस गेलेल्या माणसासाठी तळमळतो, पण स्वतःला नालायक समजत नाही. त्याचं दुःख लाटेसारखं येतं. सहा वाजता, दाराशी, बाबांच्या चपला दिसल्या की येतं, आणि मधल्या वेळात नातवाच्या बोलण्यावर तो हसूही शकतो. डिप्रेशनमध्ये दिवसभर सगळं सारखंच करडं असतं.

दुसरा आकडा शेवटचा, तो १ गुण. तो आईंनी दिला की भावाने, आणि त्याचा अर्थ काय, हे कुणीतरी शांत बसून विचारायला हवं. "त्यांच्याबरोबर मीही गेले असते तर बरं" हे शोकात बहुतेक जण म्हणतात. "मी स्वतःला काही करून घेईन" हे वेगळं. स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर दुसऱ्या प्रकारचं आलं तर त्यांना एकटं ठेवू नका, त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. टेलिमानस या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलतात.

केमिस्ट्रीवाला
डॉक्टरसाहेब, कारण काहीही असो, मेंदूत सेरोटोनिन हे रसायन कमी झालं म्हणूनच माणूस उदास होतो ना? मधुमेहात इन्शुलिन देतो तसं इथे सेरोटोनिन वाढवतो. कारण शोक आहे म्हणून कमतरता भरूच नये, हे मला पटत नाही. पाय अपघाताने मोडला तरी प्लास्टर घालतोच की.

मनवैद्य
प्लास्टरचा दाखला चांगला आहे, त्याकडे परत येतो. इन्शुलिनचा मात्र बरोबर नाही. मधुमेहात साखर मोजता येते. उदास माणसाचं सेरोटोनिन कमी आहे हे दाखवणारी कुठलीही तपासणी आमच्याकडे नाही. २०२२ मध्ये लंडनच्या मानसोपचारतज्ज्ञ जोआना मॉन्क्रिफ यांनी तोवरच्या संशोधनाचा एकत्र आढावा घेतला, आणि कमी सेरोटोनिनमुळे डिप्रेशन होतं याला सातत्यपूर्ण पुरावा मिळाला नाही. या गोळ्या काही जणांना उपयोगी पडतात, तीव्र डिप्रेशनमध्ये जास्त, हे मी रोज बघतो. पण त्या 'कमतरता भरून काढतात' ही गोष्ट सांगायला सोपी म्हणून पसरली. आमच्याच लोकांनी ती रुग्णांना वर्षानुवर्षं सांगितली, मीही सांगितली आहे. त्यामुळे तुमच्यावर दोष नाही.

शरयू
थोडं विषय सोडून, पण मुळाशी एकच आहे असं वाटतं म्हणून लिहिते. माझ्या पहिल्या बाळंतपणात गर्भाशयाचं तोंड सकाळी आठला चार सेंटिमीटर उघडलं होतं, दुपारी एकला पाच. बाळाचे ठोके चांगले, माझी तब्येत चांगली. तरी "प्रगती नाही" म्हणून सिझेरियन झालं. तासाला एक सेंटिमीटर व्हायलाच हवं असं मला सांगितलं होतं. माझं शरीर नापास झालं असं मी कितीतरी वर्षं मनात धरून बसले.

पुढे मी नर्सिंग शिकवायला लागले तेव्हा तो तासाला एक सेंटिमीटर कुठून आला ते वाचलं. इमॅन्युअल फ्रीडमन नावाच्या डॉक्टरांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या एका रुग्णालयातल्या पाचशे पहिलटकरणींचे आलेख काढले. त्यातल्या सगळ्यात सावकाश बायकांचा वेग ही पुढे जगभर सीमारेषा झाली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट म्हटलं की बाळ-बाळंतीण ठीक असतील तर केवळ तासाला एक सेंटिमीटर होत नाही म्हणून हस्तक्षेप करू नये, आणि कळांचा जोराचा टप्पा पाच सेंटिमीटरपासून धरावा. म्हणजे माझा तो टप्पा सुरू होत होता तेव्हाच मला नापास केलं.

सिझेरियनने माझ्या धाकट्या नणंदेचा जीव वाचलाय, त्यामुळे ते वाईट असं मी कधीच म्हणणार नाही. पण कावेरी, तुझा 'सात आठवडे' वाचला आणि माझे ते पाच तास आठवले. कुणीतरी काही लोकांना मोजलं, त्यातून एक रेघ काढली, आणि त्या रेघेपलीकडची माणसं आजारी ठरली.

उंबरठा
मी सहसा इथे लिहीत नाही. सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितो.

माझी मावशी गेली तेव्हा काका ७० चे होते. पहिले दोन महिने ते रडले, आम्ही म्हटलं साहजिक आहे. मग रडणं थांबलं, आम्हाला वाटलं सावरले. ते म्हणायला लागले, "मी तिला वेळेवर दवाखान्यात नेलं नाही, मीच मारलं तिला." खरं तर दोन तासांत सगळं संपलं होतं, कुणीच काही करू शकलं नसतं. दाढी करणं सोडलं. पेन्शन आणायला जाईनात. पाहुण्यांपैकी प्रत्येकाने सांगितलं की दुःख आहे, वर्षभर चालायचंच. आठव्या महिन्यात काकांनी आयुष्य संपवलं.

आम्हाला कुणीतरी त्या वेळी 'हा आजार आहे' म्हणायला हवं होतं. दुःखाला आजार म्हणू नका म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, आमच्या काकांना तुम्ही काय म्हटलं असतं?

तात्या_सांगलीकर
उंबरठा, तुमच्या काकांबद्दल वाचून वाईट वाटलं. मी वर जे लिहिलं ते सरसकट लिहायला नको होतं.

मनवैद्य
उंबरठा, तुम्ही लिहिलंत ते फार मोलाचं आहे. याच प्रश्नावर अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांत कित्येक वर्षं भांडण चाललं, आणि कावेरीताईंच्या 'नियम कुणी केला' या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

तिकडची आजारांची अधिकृत यादी म्हणजे डीएसएम. आपल्याकडचे डॉक्टरही शिकताना ती वापरतात. १९८० च्या आवृत्तीत लक्षणं मोजून डिप्रेशन ठरवायची पद्धत आली, पण त्यात एक सूट होती: जवळचं माणूस नुकतंच गेलं असेल तर ते डिप्रेशन धरायचं नाही. ही सूट हवेतून आली नव्हती. मानसोपचारतज्ज्ञ पॉला क्लेटन यांनी अमेरिकेतल्या सेंट लुईसमध्ये विधवा-विधुरांना भेटून नोंदी ठेवल्या होत्या. मृत्यूनंतर महिनाभराने त्यातले शंभरात चाळीसेक जण डिप्रेशनच्या कसोटीत बसत होते, आणि वर्षाने पंधरा-सोळा. म्हणजे बहुतेक जण उपचाराशिवाय सावरत होते.

१९९४ च्या आवृत्तीत ही सूट दोन महिन्यांची झाली. पण नीट ऐका: माणूस स्वतःला नालायक समजत असेल, आत्महत्येचं बोलत असेल, अगदी मंदावला असेल, तर सूट लागू नव्हती. तुमचे काका त्या जुन्या नियमानेही आजारीच ठरले असते. त्यांच्याकडे त्या नजरेने बघणारं कुणी भेटलं नाही, हा घात झाला.

२०१३ मध्ये ती सूट काढून टाकली. बाजूने बोलणाऱ्यांत केनेथ केंडलर होते. त्यांचा मुद्दा असा की नोकरी गेली, घटस्फोट झाला, घर जळालं तर सूट नाही, मग मृत्यूलाच का? लक्षणं सारखी, धोका सारखा. विरोधात जेरोम वेकफिल्ड म्हणाले की तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण निष्कर्ष उलटा काढा. घटस्फोटानंतरच्या साध्या दुःखालाही सूट द्या, सगळ्यांनाच आजारी कशाला ठरवता? आणि ॲलन फ्रान्सिस, जे १९९४ च्या आवृत्तीचे प्रमुख होते, तेच विरोधात उभे राहिले. त्यांची भीती अशी की मानसोपचारतज्ज्ञ कदाचित तारतम्य बाळगतील, पण या गोळ्या लिहितात बहुतेक वेळा साधे डॉक्टर, घाईत. कावेरीताई, तुमची पाच मिनिटं म्हणजे त्यांची भीती खरी ठरली.

मी स्वतः? मला सूट काढायला नको होती असं वाटतं. पण माझे दोन सहकारी अगदी उलट म्हणतात, आणि त्यांनी उंबरठांच्या काकांसारखी माणसं माझ्यापेक्षा जास्त पाहिली आहेत.

रानवाट
मी यवतमाळ जिल्ह्यात आशा ताईंसोबत काम करते. आमच्याकडे २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात शेतकरी कुटुंबांचं असं प्रश्न विचारून सर्वेक्षण चालतं.

एका घरी गेलो. नवऱ्याने फवारणीचं औषध घेऊन जीव दिलेला, चार महिने झालेले. बाई तिशीची. "झोप येते का?" "नाही." "भूक?" "नाही." गुण चढत गेले. मग मी फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, झोप का नाही ताई? म्हणाली, सातबारा अजून सासऱ्याच्या नावावर, दीर घराबाहेर काढू पाहतो. एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण तहसीलला गेलं तर 'अपात्र' आलं, कारण कर्ज बँकेचं नव्हतं, परवाना नसलेल्या सावकाराचं होतं. सावकार रोज दारात. या बाईला झोप कशी यावी? तिला गोळी दिली तर सावकाराला बरंच आहे, बाई शांत झोपेल.

आम्ही वारसनोंदीच्या मागे लागलो. तलाठ्याकडे पाच खेपा झाल्या. नाव लागलं त्या आठवड्यात ती पहिल्यांदा पोटभर जेवली.

पण दुसरंही सांगते. त्याच गावात एक बाई होती, तिचं शेत-पैसा सगळं ठीक, तरी दीड वर्ष खाटेवरून उठेना, लेकराकडे बघेना. तिला जिल्हा रुग्णालयात नेलं, गोळ्या दिल्या, अडीच महिन्यांत ती उठून कामाला लागली. फॉर्म नसता तर ती आम्हाला सापडलीच नसती, ती घराबाहेर येतच नव्हती. म्हणून मी फॉर्म फाडा म्हणणार नाही. प्रत्येक उत्तरानंतर 'का' विचारा, एवढंच म्हणणं आहे.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडची बाजू सांगतो, कारण नियम इकडून येतात.

माझी आई पुण्यात गेली तेव्हा मला कंपनीतून तीन दिवस रजा मिळाली. तीन. विमानातच दोन गेले. परत आल्यावर मी मीटिंगमध्ये रडायचो. समुपदेशकाकडे गेलो तर तिने प्रामाणिकपणे सांगितलं, "शोक" असा कोड लिहिला तर विमा कंपनी बहुधा पैसे देणार नाही. "डिप्रेशन" लिहिलं तर देईल, आणि सहा आठवड्यांची वैद्यकीय रजाही मिळेल. तिने डिप्रेशन लिहिलं. मी सही केली.

मला आजार होता का? मला वाटतं नव्हता, माझी आई गेली होती. पण सुतक पाळायला जिथे कायद्याने सुट्टी नाही तिथे आजाराचा शिक्का हाच रडायचा परवाना होतो. टीकाकार औषध कंपन्यांना धरतात ते योग्यच आहे, पण नुसत्या कंपन्यांना धरून हे कळत नाही. ते लेबल मी मागून घेतलंय, आणि तो कोड अजून माझ्या नावावर आहे.

तात्या_सांगलीकर
म्हणूनच आपल्या लोकांनी बांधून दिलं होतं. दहावा, तेरावा, महिन्याच्या महिन्याला मासिक, मग वर्षश्राद्ध. पहिल्या वर्षी सण करायचा नाही. वर्षभर रडायला मुभा, आणि वर्षाने सगळ्यांनी येऊन सांगायचं की आता पुरे.

मनवैद्य
तात्या, यात एक योगायोग आहे. डीएसएममध्ये मार्च २०२२ ला 'लांबलेला शोक' असा नवा आजार घातला आणि मोठ्या माणसांसाठी त्याची मुदत ठेवली बारा महिने. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत मात्र ती सहा महिने आहे. म्हणजे सातव्या महिन्यातला माणूस एका यादीत आजारी आणि दुसरीत निरोगी. दोन्हीकडे 'त्या समाजाच्या रीतीपेक्षा जास्त' अशी अट आहे, पण फॉर्म भरताना ती अट कोण वाचतं?

नव्या आजाराचीही बाजू ऐका. कॅथरीन शिअर यांनी अशा लांबलेल्या शोकावर सोळा बैठकींची बोलण्याची उपचारपद्धती तयार केली. २०१६ मध्ये त्यांनीच चाचणीत तपासलं की सोबत सिटालोप्राम ही डिप्रेशनची गोळी दिली तर शोक आणखी हलका होतो का. नाही झाला. शोक हलका झाला तो बोलण्याने. गोळीचा फायदा दिसला तो डिप्रेशनच्या लक्षणांत, तोही बोलण्याच्या जोडीने. केमिस्ट्रीवाले, तुमचं प्लास्टर इथे आठवा. हाड मोडलं असेल तरच प्लास्टर उपयोगाचं.

दुर्गा_प
तात्या, वर्षश्राद्धाचं कौतुक मान्य, पण ते कुणाच्या जिवावर होतं तेही सांगा. माझी आई विधवा झाली त्या तेराव्यालाच तिचं मंगळसूत्र तोडून, बांगड्या फोडून, चार बायकांनी कुंकू पुसलं. पुढे माझ्या लग्नात ती मांडवाच्या कडेला बसली. 'वर्षभर रडायला मुभा' पुरुषाला असेल. बाईला जन्मभर रडायची सक्ती होती, आणि हसली तर बोलणी. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव करावा लागला, यातच आलं सगळं. डॉक्टरांच्या फॉर्मला नावं ठेवताना तुमच्या आजीला कुणी 'कशी आहेस' असं तरी विचारलं होतं का, ते आठवून बघा.

तात्या_सांगलीकर
नाही विचारलं. आजी बोलायचीच नाही फारसं. आम्ही तिला सोशीक म्हणायचो. तुम्ही म्हणता ते मनात राहील.

मांडवीकाठ
गोव्यातून. आमच्याकडे संगथ संस्थेने सरकारी आरोग्य केंद्रांत एक प्रयोग केला होता, त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आले. हाच फॉर्म, आणि १४ च्या वर गुण असलेली माणसं. पण नेहमीच्या उपचारांच्या जोडीला गावातलीच शिकवून तयार केलेली माणसं सहा ते आठ वेळा भेटायची. आवडती कामं परत सुरू करून द्यायची, अडचण असेल तिचा रस्ता शोधायचा. तीन महिन्यांनी त्यातले शंभरात ६४ बरे, फक्त नेहमीचे उपचार मिळालेल्यांत ३९. तेव्हा १५ गुणांपुढे गोळीच येते असं नाही. दुसरं द्यायला माणूस लागतो आणि वेळ लागतो.

केमिस्ट्रीवाला
पण ते ३९ पण बरे झालेच ना, काही विशेष न करता? मग ६४ मधले किती जण नाहीतरी सुधारले असते?

मांडवीकाठ
साधारण तितकेच. म्हणून तर दोन गट करतात. फरक २५ चा.

कावेरी
बारा दिवसांनी लिहितेय, माफ करा. खूप काही झालं.

मनवैद्यांनी रक्तदाबाच्या गोळीचं नाव का विचारलं ते मला तेव्हा कळलं नव्हतं. त्यांनी निरोप पाठवून सांगितलं की एस्सिटालोप्राम आणि क्लोरथॅलिडोन, दोन्हींनी रक्तातलं सोडियम उतरतं. साठी उलटलेल्या बाईला दोन्ही एकत्र चालू असतील तर पहिल्या काही आठवड्यांतच ते तपासायला हवं. मी कराडला गेले. तोवर आई गुंगीच्या पलीकडे गेली होती, मला दोनदा माझ्या आत्याच्या नावाने हाक मारली. भाऊ म्हणत होता दुःखाने भ्रम झालाय, डोस वाढवायला लागेल. तपासलं तर सोडियम १२४. निदान १३५ हवं.

दोन दिवस दवाखान्यात ठेवलं. तिथल्या फिजिशियन बाईंनी एस्सिटालोप्राम थांबवलं, रक्तदाबाची गोळी बदलली, आणि क्लोनाझेपाम वेगळं करून पाव मिलिग्रॅमवर आणलं, पुढे दिवसाआड. एकत्र गोळीत एक औषध ठेवून दुसरं काढताच येत नाही, हेही तेव्हा कळलं. काल सोडियम १३५ आलं. आई आता मला माझ्याच नावाने हाक मारते.

फॉर्ममधल्या त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल मी तिला विचारलं. रात्री, पायाला तेल लावताना, सुमनताई. तो १ गुण तिचाच होता. म्हणाली, "मला मरायचं नाही गं. पण ते गेल्यावर मी इथे कशाला, असं सहा वाजता वाटतं." मी विचारलं, बाकीच्या वेळी? "बाकीच्या वेळी तुझ्या भाच्याचा अभ्यास असतो." मग ती बाबांबद्दल तासभर बोलली. रडली. मीही.

आता प्रश्न उरलाय तो भावाचा. त्याने उंबरठांचा प्रतिसाद वाचला आणि तो घाबरलाय. त्याचं म्हणणं, सोडियम उतरणार नाही अशी दुसरी कुठली तरी डिप्रेशनची गोळी सुरू करून ठेवू, नंतर पश्चात्ताप नको. मला ते नको वाटतं, आणि माझी चूक झाली तर, ही भीती मलाही आहे. फिजिशियन बाई म्हणतात, सहा आठवडे बघू.

उंबरठा
कावेरी, भावाला माझ्याकडून सांगा की आईचं रडणं मोजू नका. काकांचं रडणं थांबलं तेव्हाच आम्ही निर्धास्त झालो होतो. "माझ्यामुळे गेले" असं ती म्हणते का ते ऐकत राहा. आणि सहा वाजता कुणीतरी तिच्याजवळ बसा.

कावेरी
सहाला भाचा गणिताची वही घेऊन बसतो आता. दाराकडे पाठ करून.

मनवैद्य
चार दिवसांनी सोडियम पुन्हा एकदा तपासून घ्या. आणि भावाला माझा नंबर द्या, तो किती झोपतोय ते कुणी विचारलं नाहीये.